धाक कुणाचा, कुणाला आणि कशापासून?

१३ मार्च २०२२ च्या पहाटे रशियाची क्षेपणास्त्रे युक्रेनच्या पश्चिम टोकाला, यावोरिव्हच्या लष्करी तळावर येऊन आदळली. युक्रेनी अधिकाऱ्यांनी मृतांचा आकडा ३५ सांगितला. हा तळ पोलंडच्या सीमेपासून २५ किलोमीटरच्याही आत आहे. युद्धाआधी नाटो देशांचे प्रशिक्षक इथेच युक्रेनी सैनिकांना तयार करत होते. रशियाने हल्ल्याचे कारण लपवले नाही. इथे परदेशी लढवय्ये आणि बाहेरून आलेली शस्त्रे आहेत, म्हणून मारा केला, असे मॉस्कोने उघड सांगितले.

आता सीमेपलीकडे जाऊ. पोलंडमध्ये सीमेपासून सुमारे १०० किलोमीटरवर झेशुफ नावाचे शहर आहे. त्याचा विमानतळ तसा लहान. युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत ‘ऑपरेशन गंगा’ची काही विमाने इथूनच भारताकडे निघाली. युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकणारी आपली मुले, त्यांत महाराष्ट्रातलीही होती, अशाच सीमावर्ती शहरांतून घरी परतली. माणसे बाहेर पडत होती त्याच विमानतळावर मालवाहू विमाने शस्त्रे उतरवत होती आणि ट्रक ती घेऊन सीमेकडे निघत होते. युक्रेनला मिळालेल्या पाश्चात्त्य शस्त्रांचा फार मोठा हिस्सा याच वाटेने गेला. हे गुपितही नव्हते. जगभरचे वार्ताहर तिथून बातम्या देत होते. त्या शस्त्रांनी रशियाचे रणगाडे जळत होते. यावोरिव्ह गाठणाऱ्या रशियाकडे झेशुफ गाठणारी क्षेपणास्त्रेही होतीच. तरी झेशुफवर एकही डागले गेले नाही.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात धाक आणि लष्करी युती हा विषय घ्यायचा, तर पहिला प्रश्न हाच असावा असे माझे मत आहे: यावोरिव्हवर मारा झाला, मग झेशुफवर का झाला नाही? नेहमी विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो. ‘युक्रेनच्या बाबतीत नाटोचा धाक फसला का?’ या प्रश्नावर विद्यार्थी पानेच्या पाने लिहितात आणि शेवटी हो किंवा नाही म्हणून मोकळे होतात. त्यात धाक म्हणजे हवेत तरंगणारी एकच गोष्ट आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात धाकाला कर्ता लागतो, ज्याच्यावर तो बसवायचा तो लागतो, आणि नेमके कोणते कृत्य थांबवायचे आहे तेही ठरलेले लागते. हे तिन्ही सांगितल्याशिवाय धाक टिकला की मोडला हे ठरवताच येत नाही.

झेशुफच्या बाबतीत तिन्ही स्पष्ट आहेत. धाक नाटोचा, विशेषतः अमेरिकेचा. तो रशियावर. थांबवायचे कृत्य म्हणजे सदस्य देशाच्या भूमीवर उघड हल्ला. १९४९ च्या नाटो कराराचे पाचवे कलम सांगते की एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल. यावोरिव्हला हे छत्र नव्हते, झेशुफला होते. मार्च २०२२ मध्येच अमेरिकेने आपल्या पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा पोलंडमध्ये आणून ठेवल्या, हेही लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे ‘हल्ला केलात तर महागात पडेल’ या शिक्षेच्या धाकाला ‘हल्ला केलात तरी तो साधणार नाही’ असा दुसऱ्या जातीचा धाक जोडलेला होता. शास्त्रात या दोन जाती वेगळ्या मोजतात, कारण त्यांचा आधार वेगळा आहे. पहिली समोरच्याच्या मनातल्या भीतीवर उभी असते, दुसरी तुमच्या प्रत्यक्ष तयारीवर.

इथे हुशार विद्यार्थी हात वर करतो आणि विचारतो: जे घडलेच नाही त्याचे श्रेय धाकाला कशावरून? ही शंका अगदी रास्त आहे. ज्याला कधी हल्ला करायचाच नव्हता तो शांत बसला, तर त्यात कुणाचा पराक्रम नाही. पोर्तुगालवर रशियाने हल्ला केला नाही, हा नाटोच्या धाकाचा पुरावा म्हणून पुढे करणे हास्यास्पद ठरेल. म्हणून असे उदाहरण शोधावे लागते जिथे हल्ला करण्याचा हेतू सबळ होता, ताकद हाताशी होती आणि तरीही हात आवरला गेला. झेशुफ अशा दुर्मीळ उदाहरणांपैकी एक आहे, आणि शेजारचे यावोरिव्ह त्याचे तुलनेचे माप आहे. सेना तीच, महिना तोच, लक्ष्यही जवळपास तेच. फरक मधल्या सीमारेषेचा आणि तिच्यामागच्या कराराचा. समाजशास्त्रात प्रयोगशाळा नसते. इतकी स्वच्छ तुलना हाती लागणे ही मोठीच गोष्ट आहे.

मग २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर झालेल्या आक्रमणाचे काय? तिथे धाक मोडला की तो कधी बसवलाच नव्हता?

८ डिसेंबर २०२१ ला, रशियाचे सैन्य युक्रेनच्या सीमेवर जमत असताना, अध्यक्ष बायडन यांनी पत्रकारांना सांगितले की अमेरिकी सैन्य एकतर्फी उतरवून रशियाला रोखण्याचा विचार नाही. युक्रेन नाटोचा सदस्य नाही, त्यामुळे सदस्यांबाबतचे बंधन त्याला लागू होत नाही, हे त्यांचे कारण. या विधानावर दोन टोकांची उत्तरे येतात. एक बाजू म्हणते, हातातला सर्वांत मोठा पत्ता आधीच टाकून दिला, ही घोडचूक होती. दुसरी म्हणते, खोटी धमकी देऊन ती पाळता आली नसती तर नाटोच्या खऱ्या वचनांचीही किंमत गेली असती. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण विद्यार्थ्याने निवड करण्याआधी जेम्स फिअरन यांची मांडणी वापरून पाहावी. फिअरन म्हणतात की धमकी खरी वाटावी यासाठी देशाकडे दोन वाटा असतात. एक, आपलेच हात असे बांधून घ्यायचे की माघार घेतली तर घरी-दारी नाचक्की व्हावी. दोन, आधीच मोठा खर्च करून बसायचे. २०१७ पासून बाल्टिक देशांत आणि पोलंडमध्ये नाटोच्या बहुराष्ट्रीय तुकड्या तैनात आहेत. एकेका तुकडीत साधारण हजारभर सैनिक होते. रशियाची फौज अडवायला ते पुरणार नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. पण हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी अनेक देशांचे सैनिक मारले जातील आणि त्या देशांना बाजूला उभे राहता येणार नाही. टॉमस शेलिंग यांनी शीतयुद्धातल्या पश्चिम बर्लिनमधल्या अमेरिकी तुकडीबद्दल हेच सांगितले होते. युक्रेनमध्ये असे काहीच नव्हते. जे प्रशिक्षक होते तेही आक्रमणापूर्वी काढून घेतले गेले.

उरला होता निर्बंधांचा धाक, आणि त्याची घडणच अवघड होती. १९ फेब्रुवारी २०२२ ला म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत झेलेन्स्की यांनी तक्रार केली की बॉम्ब पडल्यावर लावलेले निर्बंध आमच्या काय कामाचे, ते आत्ताच का लावत नाही? वॉशिंग्टनचे उत्तर असे की शिक्षा आधीच देऊन टाकली तर गुन्हा न करण्यासाठी समोरच्याकडे कारण काय उरले? तर्काने वॉशिंग्टन बरोबर होते. पण त्या शिक्षेचे स्वरूप मॉस्कोला पुरेसे कळलेच नाही. आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा परदेशांतला सुमारे ३०० अब्ज डॉलरचा साठा गोठवला. एवढे टोकाचे पाऊल नेमक्या शब्दांत आधी जाहीर झालेले नव्हते. जी शिक्षा समोरच्याला दिसत नाही ती त्याला रोखू शकत नाही. शिवाय २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावर आलेले निर्बंध रशियाने पचवले होते, आणि मॉस्कोच्या नजरेसमोर तोच अनुभव असणार.

आणि युक्रेनचा स्वतःचा धाक? तो तर खऱ्या ताकदीपेक्षा कमी भासला. कीव काही दिवसांत पडेल असे रशियाला वाटत होते आणि पाश्चात्त्य गुप्तचर यंत्रणांचेही मत फारसे वेगळे नव्हते. युक्रेनने प्रत्यक्षात राजधानी राखली. लढण्याची तयारी होती, पण ती आक्रमकाला आधी दिसली नाही, म्हणून तिने आक्रमण थांबवले नाही.

इथपर्यंतचे उत्तर एका गृहीतावर उभे आहे: रशिया संधी शोधत होता आणि त्याला पुरेशी भीती घातली गेली नाही. दुसरा सिद्धान्त हे गृहीतच उलटे करतो. रॉबर्ट जर्व्हिस यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात दोन चित्रे समोरासमोर ठेवली होती. एका चित्रात आक्रमक देश दुर्बळपणा पाहून पुढे सरसावतो. तिथे कडक धाक हेच औषध. दुसऱ्या चित्रात दोन्ही बाजू मुळात घाबरलेल्या असतात. एकाने बचावासाठी उचललेले पाऊल दुसऱ्याला हल्ल्याची तयारी वाटते, तोही पाऊल उचलतो, आणि भीतीचे हे चक्र युद्धापर्यंत नेते. तिथे धाक वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. खरी अडचण अशी की संकटाच्या वेळी आपण कोणत्या चित्रात आहोत हे सांगणारी पाटी कुठेच लावलेली नसते.

युक्रेनच्या बाबतीत दोन्ही चित्रे एकाच घटनेवर बोट ठेवतात. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नाटोने जाहीर केले की युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील. कधी, ते सांगितले नाही. सदस्यत्वाकडे नेणारा ठरलेला कार्यक्रमही दिला नाही, कारण जर्मनी आणि फ्रान्स राजी नव्हते. जॉन मिअरशायमर यांच्यासारख्या वास्तववाद्यांच्या मते हीच मोठी चिथावणी होती: बलाढ्य शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर त्याच्या विरोधी युतीला आणण्याची घोषणा. धाकाची बाजू मांडणारे म्हणतात, चूक आमंत्रणात नव्हती, ते अर्धवट सोडण्यात होती. रशियाला डिवचले गेले आणि युक्रेनला संरक्षणही मिळाले नाही. विद्यार्थ्यांसाठी हा सुंदर धडा आहे, कारण इथे एकच तथ्य दोन विरुद्ध निष्कर्षांना सारखेच बळ देते. अशा तथ्याने सिद्धान्ताची परीक्षा होत नाही. परीक्षेसाठी असे तथ्य हवे जिथे दोघांची भाकिते वेगळी पडतात.

ते फिनलंडमध्ये सापडते. आक्रमणानंतर तिसऱ्याच महिन्यात फिनलंडने स्वीडनसोबत सदस्यत्वाचा अर्ज दिला आणि ४ एप्रिल २०२३ ला तो नाटोत आला. रशियाशी त्याची सीमा १,३०० किलोमीटरहून लांब आहे. एका दिवसात नाटो-रशिया सीमा दुपटीहून अधिक झाली. सेंट पीटर्सबर्ग तिथून काही तासांच्या अंतरावर. नाटो जवळ येणे हेच युद्धाचे मूळ असेल, तर मोठी खळबळ इथे व्हायला हवी होती. रशियाने निषेध केला, पुढे २०२४ मध्ये लेनिनग्राड लष्करी विभाग पुन्हा उभा केला, पण या सीमेवरून आक्रमण केले नाही. उलट इथल्या सैन्याचा बराचसा भाग त्याने युक्रेनच्या आघाडीवर नेला. नाटो आपल्यावर चालून येईल अशी खरोखर भीती असणारा देश नाटोच्या सीमेवरचे सैन्य काढेल का?

हा पुरावा मला वजनदार वाटतो. तरी वास्तववाद्यांचे उत्तर ऐकून घ्यायलाच हवे, आणि ते पोकळ नाही. ते म्हणतात, युक्रेनमध्ये अडकलेल्या रशियाकडे दुसरी आघाडी उघडण्याची ताकद नव्हती. आणि युक्रेनचे सपाट मैदान, काळ्या समुद्राचा किनारा, क्रिमियातले आरमार यांची तोड फिनलंडच्या जंगलांना नाही. पुतिन स्वतः जून २०२२ मध्ये म्हणाले होते की फिनलंड आणि स्वीडनशी आमचे युक्रेनसारखे वाद नाहीत. पण हे विधान मान्य केले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: मग युक्रेनशी असलेला वाद नाटोचा की युक्रेनचा? जुलै २०२१ मध्ये, सैन्य सीमेवर जमण्याच्या काळात, पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक असल्याचे सांगणारा दीर्घ लेख प्रसिद्ध केला होता. त्याचा भर युक्रेनच्या वेगळेपणाच्या ऐतिहासिक आधारावर होता. स्टीफन वॉल्ट यांनी युतींविषयी सांगितलेली गोष्ट इथे उपयोगी पडते: देश केवळ ताकदीला तोलत नाहीत, ते धोक्याला तोलतात, आणि धोक्यात हेतूची गणती मोठी असते. स्वीडन दोनशे वर्षे कुठल्या लष्करी युतीत गेला नव्हता. २०२२ मध्ये रशियाची फौज २०२१ पेक्षा बलवान झाली होती असे नाही, पण तिचा हेतू दिसला होता, आणि तेवढ्याने स्वीडनचे मत बदलले.

युतीचा दुसरा चेहरा संकटात एखाद्या रात्री उघडा पडतो. १५ नोव्हेंबर २०२२ ला रशियाने युक्रेनवर शंभरच्या आसपास क्षेपणास्त्रे सोडली. त्या दिवशी एक क्षेपणास्त्र पोलंडमध्ये, सीमेपासून काही किलोमीटरवरच्या प्शेवोदुफ गावात धान्याच्या कोठारापाशी पडले आणि दोन माणसे गेली. नाटोच्या भूमीवर माणसे मेली होती. पहिल्या बातम्यांत रशियाचे नाव आले, झेलेन्स्की यांनीही रशियाकडेच बोट दाखवले. जी-२० परिषदेसाठी बालीत असलेल्या बायडन यांनी मात्र पत्रकारांना सांगितले की मार्ग पाहता ते रशियातून सोडलेले असण्याची शक्यता कमी दिसते. दुसऱ्या दिवशी पोलंडचे अध्यक्ष आणि नाटोचे सरचिटणीस दोघांनीही सांगितले की ते बहुधा युक्रेनच्याच हवाई बचावाचे भरकटलेले क्षेपणास्त्र होते, मात्र मूळ दोष हल्ला करणाऱ्या रशियाचा. सल्लामसलतीसाठी असलेले चौथे कलमही लावले गेले नाही.

ग्लेन स्नायडर यांनी १९८४ मध्ये युतीतल्या देशांच्या दोन भीती मांडल्या. एक, आपला मित्र ऐन वेळी वाऱ्यावर सोडेल. दोन, मित्राच्या भांडणात आपली फरफट होईल. पहिली कमी करायला जावे तर दुसरी वाढते. त्या रात्री या दोन्ही भीती दोन राजधान्यांत वाटून बसल्या होत्या. कीवला पहिली, आणि तीही पूर्वानुभवातून. डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले होते, आणि त्या काळात युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून दिली होती. त्या कागदात मदतीला धावून येण्याचे बंधन नव्हते. वॉशिंग्टनला दुसरी भीती: अण्वस्त्रधारी रशियाशी थेट युद्धात ओढले जाण्याची. म्हणून एकाच तुटक माहितीवर एक राजधानी लगेच रशियाचे नाव घेत होती आणि दुसरी थांबा म्हणत होती.

आणि पाचवे कलम नीट वाचावे. हल्ला झालाच तर प्रत्येक सदस्य ‘आपल्याला आवश्यक वाटेल ती’ कृती करेल, त्यात सशस्त्र बळाचा वापरही आला, असा त्याचा आशय आहे. काय आवश्यक ते ज्याचे त्याने ठरवायचे. हे कलम आजवर एकदाच लागू झाले, सप्टेंबर २००१ मधल्या अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. म्हणजे झेशुफचे रक्षण करणारे छत्र शब्दांत पाहिले तर बरेच सैल आहे. ते घट्ट होते ते तिथल्या सैनिकांमुळे, क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांमुळे आणि सत्तर वर्षांच्या अपेक्षेमुळे.

या सैलपणाची चाचणी ९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री झाली. युक्रेनवरच्या हल्ल्याच्या वेळी एकोणीसच्या आसपास रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले. पोलंडची आणि नेदरलँड्सची लढाऊ विमाने उडाली, काही ड्रोन पाडले गेले. नाटोने आपल्या हद्दीत रशियाची शस्त्रे पाडण्याचा हा पहिलाच प्रसंग. झेशुफचा विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला. त्यांतले बरेच ड्रोन स्फोटके नसलेले, चकवा देण्यासाठी बनवलेले स्वस्त साधन होते, आणि ते पाडायला गेलेल्या क्षेपणास्त्रांची किंमत त्यांच्या कित्येक पट होती. आमचे कोणतेही लक्ष्य पोलंडमध्ये नव्हते, असे रशिया म्हणाला. पोलंडने या वेळी चौथे कलम लावले आणि तीनच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, नाटोने पूर्व सीमेवर ‘ईस्टर्न सेन्ट्री’ ही नवी मोहीम जाहीर केली.

माझ्या प्रश्नपत्रिकेतला शेवटचा प्रश्न या रात्रीवर आहे आणि त्याला सर्वाधिक गुण आहेत. मोठ्या हल्ल्यापासून रशियाला रोखणाऱ्या धाकाला खालून कुरतडले जात आहे का, की भरकटलेल्या ड्रोनांना आपण डावपेचाचे रूप देत आहोत? कुरतडण्याचा सिद्धान्त खरा असेल, तर पुढच्या घुसखोऱ्या किंचित मोठ्या, किंचित खोल आणि प्रत्येक वेळी नाकारता येण्याजोग्या दिसायला हव्यात, आणि पोलंडने कडक उत्तर दिल्यावर त्या कमी व्हायला हव्यात. भीतीच्या चक्राचा सिद्धान्त खरा असेल, तर कडक उत्तरानंतर त्या वाढायला हव्यात. अपघात असेल, तर घुसखोऱ्यांचा संबंध नाटोच्या उत्तराशी नसेल. युक्रेनवरच्या हल्ल्यांचा जोर आणि ड्रोनांना भरकटवणारे इलेक्ट्रॉनिक जॅमिंग यांच्याशी असेल. विद्यार्थ्याने एक बाजू घ्यावी, पुढच्या वर्षभरात कोणती नोंद दिसली तर आपण ती बाजू सोडू ते लिहावे, आणि तेच उत्तर वॉर्साच्या, वॉशिंग्टनच्या आणि मॉस्कोच्या खुर्चीत बसून तीनदा तपासावे.